एका परिच्छेदात तीन कंपन्या

शनिवारी रात्री साडेदहाला मित्राचा फोन आला. "आहेस का घरी? येतोय." आवाजावरूनच कळलं, मामला गंभीर आहे. पठ्ठ्या हिंजवडीत चुलतभावासोबत डब्यांची स्टार्टअप चालवतो. रोजचे १४० डबे, तेही मुख्यतः रात्री उशिरा सुटणाऱ्यांचे. मंगळवारी गुंतवणूकदारासोबत मीटिंग होती आणि हे दोघे भाऊ आठवडाभर एकमेकांशी बोलत नव्हते!

कारण? एका ऑफिसने दुपारच्या २०० थाळ्यांची ऑर्डर देऊ केली होती. भाऊ म्हणे घेऊ या, हा म्हणे नको. गंमत म्हणजे दोघेही पुरावा म्हणून एकच परिच्छेद दाखवत होते: "भारतातल्या प्रत्येक नोकरदाराला टेक्नॉलॉजीच्या मदतीने आरोग्यदायी, घरगुती, परवडणारं जेवण वेळेवर देणारी आघाडीची कंपनी बनणं, हे आमचं व्हिजन."

बॉस, ज्या परिच्छेदातून 'हो' आणि 'नाही' दोन्ही निघतं, तो काहीच सांगत नसतो. त्यात व्हिजन, मिशन आणि पोझिशनिंग या तिघांची भेळ झालेली असते. मी टेबलावर तीन कोरे कागद ठेवले.

पहिला कागद व्हिजनचा. व्हिजन म्हणजे पुढच्या दहा-पंधरा वर्षांत जग कसं दिसावं, त्याचं चित्र. त्यात आपली कंपनी नसतेच. म्हणून 'आघाडीची कंपनी' हे शब्द पहिल्याच फटक्यात कटाप. ती आपली महत्त्वाकांक्षा झाली, ग्राहकाला त्याचं काय? बरीच खाडाखोड करून उरलं ते असं: "रात्रपाळीच्या माणसालाही दिवसा काम करणाऱ्याइतकंच ताजं जेवण मिळावं."

दुसरा कागद मिशनचा. म्हणजे त्या चित्रासाठी आपण रोज उठून काय करतो, कुणासाठी, कुठे. "हिंजवडी-वाकडमध्ये रात्री उशिरा सुटणाऱ्यांना आम्ही दहा ते एकच्या दरम्यान ताजा स्वयंपाक पोचवतो." मिशन खरं की खोटं, हे ओळखायची एक सोपी खूण आहे. त्यातून एखाद्या कामाला स्पष्ट नकार देता आला पाहिजे. दुपारच्या थाळ्या या वाक्यात बसत नाहीत. मित्र खूश! पण थांबा. मिशन काही किचनचं भाडं भरत नाही. पैशांसाठी ती ऑर्डर घ्यायची तर जरूर घ्या, पण तीन महिन्यांची मुदत घालून, 'हे बाजूचं काम आहे' असं दोघांनी कबूल करून.

तिसऱ्या कागदावर मात्र गाडी अडली. कारण पोझिशनिंग ऑफिसात बसून ठरत नाही, ते ग्राहकाच्या डोक्यात असतं. अल रीस आणि जॅक ट्राउट यांनी १९८१ मधल्या 'पोझिशनिंग' या पुस्तकात हाच मुद्दा मांडला होता. ग्राहक तुमची तुलना कशाशी करतो, ते आधी कळायला हवं. एप्रिल डनफर्ड ही या विषयातली सल्लागार त्यासाठी एक साधा प्रश्न सुचवते: तुम्ही नसतात, तर ग्राहकाने काय केलं असतं?

मित्राला वाटत होतं, आपली टक्कर इतर डबेवाल्यांशी. रविवारी त्याने बारा नेहमीच्या ग्राहकांना फोन लावले. इतर डबेवाल्यांचं नाव एकानेही घेतलं नाही, कारण ते नऊलाच बंद होतात. आठ जण म्हणाले, नूडल्सचं पाकीट. तिघे म्हणाले, गाडीवरची अंडाभुर्जी. एक म्हणाला, उपाशीच झोपतो यार!

इथे सगळा खेळ पालटला. डबा १२० रुपयांना, नूडल्स त्याच्या कितीतरी कमी पैशांत. म्हणजे 'परवडणारं' हा शब्द मिरवणं म्हणजे हरण्याच्याच मैदानात उतरणं! तो उडाला. 'टेक्नॉलॉजी'बद्दल तर कुणी चकार शब्द काढला नव्हता. तिसरा कागद असा झाला: "रात्री उशिरा घरी येऊन रांधायचं त्राण नसलेल्यांसाठी रात्रीचा डबा. नूडल्ससारखी नुसती वेळ मारून नेत नाही, पूर्ण जेवण देतो, कारण पोळी-भाजी नऊनंतर केलेली असते." आता यात दुसऱ्या डबेवाल्याचं नाव घालून बघा. वाक्य खोटं पडतं. जिथे ते खोटं पडत नाही, तिथे पोझिशनिंग झालेलंच नाही, असं समजा. आणि हो, ही जाहिरातीची ओळ नव्हे. जाहिरात, मेन्यू, दर हे सगळं यावरून ठरवायचं.

तीन कागद वेगळे ठेवायचे, कारण त्यांचं आयुष्य वेगवेगळं असतं. उद्या दुसऱ्या कुणी रात्रीचे डबे सुरू केले, तर तिसरा कागद बदलावा लागेल. पहिल्या दोघांना हात लावायची गरज नाही. सगळं एकाच परिच्छेदात असलं, की प्रत्येक नव्या स्पर्धकाबरोबर कंपनीचं ध्येयच डळमळतं.

सोमवारी दोघे भाऊ बोलले. थाळ्यांची ऑर्डर घेतली, बरोब्बर तीन महिन्यांसाठी. मंगळवारी गुंतवणूकदाराने विचारलं, "स्पर्धा कुणाशी?" मित्र म्हणाला, "नूडल्सशी." समोरचा हसला आणि पुढचा अर्धा तास प्रश्न विचारत बसला. पैसे देईल की नाही, अजून कळलेलं नाही. पण दोघे भाऊ आता एकाच प्रश्नाला एकच उत्तर देतात, हे काय कमी आहे?