दोन टीमचे फोन आले? लपवू नका!

गेल्या वर्षीची गोष्ट. ताथवड्यात आम्ही तिघं फ्लॅट शेअर करून राहतो. रूममेटला एका कंपनीच्या हिंजवडी ऑफिसमधून टेस्टिंगच्या जागेसाठी फोन आला आणि पहिला राउंडही झाला. तीन दिवसांनी त्याच कंपनीच्या दुसऱ्या टीमसाठी वेगळ्या रिक्रूटरचा फोन! आम्ही शहाण्यासारखा सल्ला दिला, ‘सांगू नकोस रे, दोन तिकिटं आहेत तर दोन्ही लागू दे.’ पठ्ठ्याने पहिलीला सात लाखांची अपेक्षा सांगितली होती, दुसरीला साडेआठ सांगितली.

दुसरीने सिस्टीममध्ये त्याचं नाव टाकलं, तर समोर पहिल्या राउंडचा शेरा आणि सात लाखांचा आकडा! दोन्ही प्रोसेस थांबल्या. आठवड्याने पहिली सुरू झाली, दुसरी कायमची बंद.

आमचं काय चुकलं? आपल्याला दोन टीम म्हणजे दोन दारं वाटतात. पण मोठ्या कंपनीत जागांचे जॉब आयडी वेगळे असले, तरी उमेदवाराची फाइल बहुतेक वेळा एकच असते, ईमेल किंवा मोबाइल नंबरवरून जोडलेली. वेगळा ईमेल देऊन सुटका नाही. मग हीच गोष्ट ऑफरच्या तोंडावर उघडी पडते, आणि तेव्हा ती लबाडी दिसते.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: दुसऱ्या फोनवरच सांगून टाका. कोणती जागा, कोणाशी बोलणं झालं आणि गाडी कुठपर्यंत आली, एवढंच. मग तेच लेखी पाठवा: ‘आपल्याच कंपनीच्या टेस्टिंग टीमसाठी माझा पहिला राउंड झाला आहे. जॉब आयडी सोबत देत आहे. ही जागाही मला आवडेल. दोन्ही प्रोसेस एकत्र चालू शकतात, की एक निवडावी लागेल?’ पहिल्या रिक्रूटरलाही असाच मेसेज टाका. पगाराची अपेक्षा बदलायची असेल तर कारणासकट दोघींना एकच आकडा सांगा. ‘ती टीम जास्त देतेय’ ही घासाघीस इथे चालत नाही, कारण ऑफर शेवटी एकाच कंपनीची असते.

यात तोटा आहे का? आहे. काही कंपन्या एका वेळी एकच प्रोसेस चालवतात, त्यामुळे ‘कोणती हवी?’ असा प्रश्न येऊ शकतो. उत्तर आधीच ठरवून ठेवा.

दोनपैकी एक फोन कन्सल्टन्सीचा असेल, तर रेझ्युमे पुढे जाण्याआधीच सांगा. उमेदवार आधी कोणी पाठवला, यावर त्यांचं कमिशन ठरतं. त्या वादात पडण्यापेक्षा कंपनी उमेदवारच बाजूला ठेवू शकते.

रूममेटला शेवटी टेस्टिंगमध्येच नोकरी लागली. पण त्याला मनातून हवी होती ती दुसरी टीम. तो सल्ला आमचा होता, हे तो अजून ऐकवतो.