व्यवहार आणि कायदा : मामांची ‘नुसती सही’

भाच्याने कापडाच्या दुकानासाठी बँकेकडून पंचवीस लाखांची कॅश क्रेडिट मर्यादा मंजूर करून घेतली. बँकेने जामीनदार मागितला. “मामा, नुसती सही आहे. खात्यात अजून एक रुपयाही उचललेला नाही,” असे म्हणून भाच्याने १ एप्रिलला हमीपत्र पुढे केले आणि मामांनी त्यावर सही केली. त्या दिवशी मामांवर कोणते कायदेशीर ओझे आले? ‘काहीच नाही’ असे भाचा म्हणेल, तर ‘पंचवीस लाखांचे’ असे एखादा धास्तावलेला नातेवाईक म्हणेल. दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. ती का चुकतात हे कळले की न्यायशास्त्रातील एक कठीण समजला जाणारा धडा निम्म्याहून अधिक उलगडतो.

हा धडा अमेरिकेतील वेस्ली न्यूकम्ब होफेल्ड या कायद्याच्या प्राध्यापकाचा. त्याने १९१३ साली येल लॉ जर्नलमध्ये एक लेख लिहिला आणि १९१८ मध्ये, चाळिशीही न गाठता, तो निवर्तला. त्याचा मुद्दा थोडक्यात असा : कायदेशीर संबंध नेहमी दोन व्यक्तींमध्ये असतो, म्हणून तो जोडीनेच सांगावा लागतो. घाऊक व्यापाऱ्याने चाळीस हजारांचा माल उधारीने दिला आणि मुदत संपली, की पैसे मागण्याचा त्याचा हक्क आणि पैसे देण्याचे किरकोळ दुकानदाराचे कर्तव्य या दोन वेगळ्या गोष्टी उरत नाहीत. एकच खातेनोंद दोघांच्या वह्यांत, एकीकडे जमेला आणि दुसरीकडे नावे पडावी, तसे ते आहे. कर्तव्य कोणाकडे आहे हे दाखवता येत नसेल, तर समोरच्याचा ‘हक्क’ हा शब्द सैलपणे वापरला जात आहे असे समजावे.

दुसरी जोडी जरा सूक्ष्म आहे. घाऊक व्यापाऱ्याने पत्र पाठवले : ‘पन्नास तागे या भावाने देतो, शुक्रवारपर्यंत कळवा.’ पत्र हाती पडले तेव्हा व्यापाऱ्यावर माल देण्याचे कर्तव्य नाही. परंतु दुकानदाराने ‘घेतो’ असे कळवताच ते कर्तव्य निर्माण होते, त्यासाठी व्यापाऱ्याची पुन्हा संमती लागत नाही. दुकानदाराच्या हाती आलेल्या या सामर्थ्याला होफेल्ड अधिकार म्हणतो. त्याच्या कृतीने आपली स्थिती बदलली जाण्याच्या व्यापाऱ्याच्या अवस्थेला तो दायित्व म्हणतो. ताळेबंदातील ‘देणे’ या अर्थाचे दायित्व ते हे नव्हे. आपल्याकडे दोन्हींसाठी एकच शब्द वापरतात आणि गोंधळाचे मूळ तेथेच आहे.

आता मामांकडे वळू. १ एप्रिलला खात्यात शिल्लक शून्य, म्हणून मामांवर काही देण्याचे कर्तव्य नाही. भाच्याचे म्हणणे तेवढ्यापुरते खरे आहे. पण भाच्याने चेक लिहावा, बँकेने तो मर्यादेत वठवावा, की त्या रकमेची जामिनकी मामांवर बसते; त्यांना विचारण्याची गरज नसते. सहीने मामांवर आले ते हे दायित्व. अनेक व्यवहारांसाठी चालू राहणारी अशी हमी भारतीय करार कायद्याच्या कलम १२९ मध्ये सांगितली आहे.

सप्टेंबरअखेर खात्यातून अठरा लाख उचलले गेले. कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मुख्य ऋणकोइतकीच असते. भाच्याने रक्कम थकवली, तर बँक आधी भाच्याच्या मागे लागलीच पाहिजे असे नाही. ती थेट मामांकडे मागणी करू शकते. ती मागणी झाली की पहिली जोडी उभी राहते : बँकेचा हक्क आणि मामांचे कर्तव्य. उरलेल्या सात लाखांपुरते मात्र अजून केवळ दायित्वच आहे. एकाच हमीपत्राखाली, एकाच दिवशी, दोन वेगळ्या जातीचे संबंध नांदत असतात.

हा भेद पुस्तकी नाही, हे कलम १३० वरून दिसते. चालू हमी जामीनदाराला धनकोस सूचना देऊन पुढील व्यवहारांपुरती केव्हाही मागे घेता येते. समजा, दिवाळीपूर्वी भाच्याचा धंदा डळमळीत दिसला आणि मामांची सूचना १० ऑक्टोबरला बँकेत पोहोचली. सात लाखांचे दायित्व त्या क्षणी संपले. अठरा लाखांचा भार जसाच्या तसा राहिला. दायित्व पुसण्याचा अधिकार मामांकडे होता, झालेल्या उचलीचा भार पुसण्याचा नव्हता. सूचना बँकेला द्यायची असते; भाच्याला ‘आता माझी हमी नाही’ असे घरात बजावून कायदेशीर स्थितीत तसूभरही फरक पडत नाही. सूचना लेखी द्यावी आणि शाखेची पोच घ्यावी, म्हणजे तारखेचा वाद उरत नाही.

पुढे बँकेकडून चूक होण्याचा संभव असतो. समजा, शाखेने खाते तसेच चालू ठेवले. भाच्याने सहा लाख भरले आणि नंतर नऊ लाख उचलले. खात्यावर आता एकवीस लाख नावे आहेत. मामांचे किती? १८१६ मधील क्लेटनच्या खटल्यापासून चालत आलेला नियम असा की चालत्या खात्यात भरणा सर्वांत जुन्या उचलीतून वजा होतो. म्हणून जुने अठरा लाख बारावर आले आणि नवे नऊ लाख मामांच्या हमीबाहेर राहिले. आणखी बारा लाखांचा भरणा झाला की मामा पूर्ण मोकळे, मग खाते पुन्हा कितीही फुगो. सूचना मिळताच जुने खाते थांबवून पुढील व्यवहारांसाठी नवे उघडणारा बँक अधिकारी अठरा लाखांवरील हमी शाबूत राखतो. व्याज येथे सोपेपणासाठी सोडले आहे, आणि हा नियम करारातील कलमांनी बाजूला सारता येतो.

बँकांची छापील हमीपत्रे असे बरेच काही बाजूला सारतात. ‘जामीनदार ही हमी मागे घेणार नाही’ असे वाक्य त्यांत असू शकते. जामीनदाराने असे लिहून दिले असेल, तर कलम १३० चा आधार त्याला घेता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितले आहे. होफेल्डच्या भाषेत, मामांचा अधिकार गेला व त्यांच्या वाट्याला असमर्थता आली. समोर बँकेला संरक्षण मिळाले. ही त्याची आणखी एक जोडी. सही करण्यापूर्वी हमीपत्रात शोधायचे वाक्य हेच. दुसरे वाक्य मृत्यूविषयीचे. कलम १३१ नुसार जामीनदाराच्या मृत्यूने पुढील व्यवहारांपुरती हमी संपते, पण ‘विरुद्ध करार नसेल तर’. तसा करार नसला, तरी आधीच्या उचलीचा भार जामीनदाराच्या मालमत्तेवर राहतो आणि वारसांना मिळालेल्या मालमत्तेपुरता त्यांच्यापर्यंत पोहोचतो.

शेवटी मामांनी अठरा लाख भरलेच, तर संबंधांची दिशा पालटते. कलम १४० प्रमाणे बँकेचे भाच्याविरुद्धचे हक्क मामांकडे येतात. हमी दिली त्या वेळी बँकेकडे दुकानातील मालाचे तारण असेल, तर कलम १४१ खाली त्याचाही लाभ त्यांना मिळतो. बँकेने ते तारण मामांच्या संमतीवाचून सोडून दिले असेल, तर त्या तारणाच्या किमतीइतके मामा मोकळे होतात. त्यामुळे मागणीची नोटीस आल्यावर जामीनदाराने बँकेला पहिला प्रश्न विचारावा तो भाच्याच्या थकबाकीचा नव्हे, तर सहीच्या दिवशी नोंदवलेले तारण आज कोठे आहे, हा.