पोर्टशेजारीच छापा: टीव्ही कंपन्यांना आणि एचडीएमआय परवाना देणाऱ्या संस्थेला खुले पत्र

प्रति,
टीव्ही बनवणाऱ्या कंपन्यांचे उत्पादन विभागप्रमुख आणि एचडीएमआय लायसन्सिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेटर यांस,



मी घरोघरी टीव्ही, साउंडबार आणि गेमिंग कन्सोल जोडून देतो. अनेक टीव्हींच्या मागे चार एचडीएमआय पोर्ट असतात. आकार तोच, पिना त्याच, केबलही सगळीकडे बसते. गिऱ्हाईक हाताला लागेल त्या पोर्टात वायर खोचतं, चित्र दिसतं आणि सगळं ठीक आहे असं समजतं. पण त्या चारांची कुवत वेगळी असते आणि हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

सोनीच्या ब्राव्हिया एक्स90एल या मालिकेचंच पाहा. पोर्ट 1 आणि 2 वर 4के चित्र सेकंदाला 60 फ्रेमपर्यंतच चालतं. 120 फ्रेम फक्त 3 आणि 4 वर मिळतात. त्यातला 3 हाच ई-आर्कचाही पोर्ट, म्हणजे टीव्हीतला आवाज साउंडबारकडे पाठवणारा. असा टीव्ही समोर असेल, तर साउंडबार 3 मध्ये, प्लेस्टेशन 5 चारमध्ये आणि सेट-टॉप बॉक्स 1 मध्ये लावायचा. घरात दुसरा नवा कन्सोल असला, की मात्र त्याला 120 फ्रेमची जागाच उरत नाही.

असं का होतं, हे तुम्हाला माहीत आहे, वाचकांसाठी लिहितो. चित्राचा वेग पोर्टामागच्या चिपवर ठरतो. जुन्या 2.0 पद्धतीच्या पोर्टातून सेकंदाला 18 गिगाबिट जातात आणि 4के 60 फ्रेमसाठी ते पुरतात. 120 फ्रेमना त्याहून बराच रुंद रस्ता लागतो, म्हणून 2.1 मध्ये मर्यादा 48 गिगाबिटपर्यंत नेली. टीव्हीच्या मुख्य चिपमध्ये असे वेगवान पोर्ट दोनच असतील, तर बाकीचे दोन जुन्याच वेगाने चालतात. आवाजाची गोष्ट निराळी. साउंडबारकडे जाणारा आवाज चित्राच्या वाहिन्या वापरतच नाही. त्यासाठी केबलमधल्या वेगळ्या तारा आहेत आणि उलट दिशेने आवाज पाठवणारं सर्किट बहुधा एकाच पोर्टाला दिलेलं असतं. म्हणूनच साउंडबार भलत्या पोर्टात लावला तर तो मुका राहतो.

माझी पहिली तक्रार इथेच आहे. आवाजाला वेगवान पोर्टाची गरज नसताना तुम्ही दोन्ही कामं एकाच पोर्टावर ठेवता आणि साउंडबार लावणाऱ्याचा एक वेगवान पोर्ट अडकून पडतो. ई-आर्क 60 फ्रेमच्या पोर्टावर द्या.

साध्या आर्कवर भागेल का, असं लोक विचारतात. ओटीटीवरचा डॉल्बी अ‍ॅटमॉस बहुतेक वेळा डॉल्बी डिजिटल प्लसमधून येतो आणि तो आर्कमधून जाऊ शकतो. ब्लू-रेवरचा डॉल्बी ट्रूएचडी किंवा कन्सोलचा अनेक वाहिन्यांचा पीसीएम आवाज मात्र आर्कमध्ये मावत नाही. त्याला टीव्ही आणि साउंडबार दोन्हींकडे ई-आर्क हवं. काहीजण कन्सोल साउंडबारमधूनच टीव्हीकडे नेतात. तसं करण्याआधी साउंडबार 4के 120 फ्रेम पुढे जाऊ देतो का, ते पाहावं. अनेक साउंडबार 60 वरच थांबतात.

पोर्ट बरोबर निवडला तरी काम संपत नाही. अनेक टीव्हींत प्रत्येक पोर्टाला वेगळी सेटिंग असते. सोनीत ती `HDMI signal format` या नावाने आहे, सॅमसंगमध्ये `Input Signal Plus`. ती साध्या पातळीवर राहिली, तर वेगवान पोर्टही मागेच राहतो. खात्री करायची असेल, तर प्लेस्टेशन 5 च्या `Screen and Video` मध्ये `Video Output Information` उघडावं. टीव्ही कोणतं चित्र किती हर्ट्झपर्यंत घेतो, ते तिथे दिसतं. 4के पुढे 120 दिसलं नाही, तर आधी पोर्ट तपासावा, मग सेटिंग, मग केबल. केबलवर अल्ट्रा हाय स्पीड असं लिहिलेलं हवं.

परवाना देणाऱ्या संस्थेला एक थेट सांगायचं आहे. तुमच्या नियमांत 2.1 ची बहुतेक वैशिष्ट्यं ऐच्छिक आहेत, त्यामुळे 120 फ्रेम न घेणाऱ्या पोर्टालाही 2.1 म्हणवून घेता येतं. गिऱ्हाईक मात्र त्या आकड्यावर विसंबून पैसे मोजतं. कोणती वैशिष्ट्यं आहेत ते सांगण्याचा तुमचा नियम आहे. ती खोक्यावर किंवा पुस्तिकेत नव्हे, प्रत्येक पोर्टाशेजारी छापण्याची सक्ती करा. ‘4के 120’, ‘4के 60’, ‘ई-आर्क’ एवढं पुरे. काही कंपन्या हे आजही छापतात, तेव्हा खर्चाचं कारण चालणार नाही. आणि टीव्ही भिंतीवर टांगल्यावर मागचं वाचता येत नाही, म्हणून इनपुट निवडायच्या पडद्यावरही प्रत्येक पोर्टाच्या नावापुढे हेच शब्द दिसू द्या.

आपला,
टीव्ही जोडून देणारा एक तंत्रज्ञ