‘विषमुक्त’ हातसडीच्या तांदळाला उत्तर

आमच्या बोरी अरबात धान होत नाही. दारव्हा तालुक्यातली ही काळी जमीन कपाशीची, तुरीची, सोयाबीनची. तांदूळ आम्ही विकत घेतो किंवा राशनमधून आणतो, आणि चांगला तांदूळ म्हटला की भंडारा, गोंदिया, चंद्रपूरच्या धानपट्ट्यातला. अलीकडे त्यात एका नव्या मालाची भर पडली आहे. गुलाबी-तपकिरी हातसडीचा तांदूळ, पिशवीवर ‘सेंद्रिय, विषमुक्त’ असं छापलेलं आणि भाव साध्या तांदळाच्या दुप्पट. वर विकणारा सांगतो की पांढऱ्या तांदळात आर्सेनिक असतं, ते खतं आणि फवारण्यांतून येतं, आणि पॉलिश केल्यामुळे तांदळाचं सत्त्व जाऊन विष तेवढं राहतं. त्याचं पहिलं वाक्य खरं आहे. पुढची दोन्ही वाक्यं चुकीची आहेत, आणि त्यावर विसंबून लोक आपल्या लहान पोरांना नेमका जास्त आर्सेनिकचा तांदूळ चारतात. म्हणून हे लिहिणं भाग आहे.

आधी पूर्वपक्ष नीट मांडू, कारण तो मूर्खपणाचा नाही. पिकात विष असेल तर ते माणसानेच टाकलेलं असणार, असं कपाशीच्या मुलखातल्या माणसाला वाटणं साहजिक आहे. यवतमाळ जिल्ह्याने फवारणीतली विषबाधा 2017 साली सोसली आहे. त्यात इतिहासही या म्हणण्याच्या बाजूने थोडासा बोलतो. अमेरिकेच्या दक्षिणेकडे बोंडकिड्यासाठी कपाशीवर एकेकाळी आर्सेनिकच्याच भुकट्या मारल्या जात. पुढे तसल्या काही जमिनींत भात आला. अमेरिकेतल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहक संस्थेने 2012 मध्ये तांदूळ तपासले, तेव्हा आर्कान्सा, लुइझियाना, टेक्सासकडच्या तांदळात आर्सेनिक जास्त भरलं, कॅलिफोर्नियाच्या आणि भारतीय बासमतीत कमी. म्हणजे फवारणीचा हात काही ठिकाणी आहेच. तो सगळीकडे आहे, हे मात्र मान्य करता येत नाही.

कारण ज्या मातीत कधी काही फवारलं नाही, तिच्यातही आर्सेनिक असतं. खडक झिजून माती होते तेव्हा ते तिच्यात उतरतं. कोरड्या, हवेशीर रानात ते लोहाच्या गंजासारख्या संयुगांना घट्ट चिकटून बसतं आणि मुळांना फारसं मिळत नाही. ज्वारी, तूर, गहू या रानातच वाढतात. धानाच्या बांधीत मात्र रोवणीनंतर आठवडेच्या आठवडे पाणी उभं राहतं. मातीतला प्राणवायू पहिल्या काही दिवसांतच संपतो. मग तिथले जिवाणू श्वासासाठी लोहाचा वापर करू लागतात, गंज विरघळतो आणि त्याला चिकटलेलं आर्सेनिक पाण्यात सुटं होतं. त्याचं रूपही बदलतं. आता ते ‘आर्सेनाइट’ असतं, आणि मातीतल्या पाण्यात ते सिलिकाच्या आम्लासारखं दिसतं.

धानाची खोड इथे आहे. धानाला सिलिका भरपूर लागतं. त्यानेच पानं ताठ आणि धारदार होतात, त्यानेच तूस खरखरीत होतं. सिलिका ओढायला धानाच्या मुळांत खास वाटा आहेत, आणि आर्सेनाइट त्याच वाटांनी आत शिरतं. जपानमधले शास्त्रज्ञ जिआन फेंग मा आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये हे दाखवून दिलं. रोप अगदीच हतबल नसतं. मुळांवर लोहाचा तांबूस थर बसतो, तो काही आर्सेनिक धरून ठेवतो. खोडाच्या पेरांतल्या पेशीही ते कोंडून ठेवतात, म्हणून पेंढ्यात जितकं असतं त्याच्या मानाने दाण्यात फारच थोडं पोचतं. तरी इतर धान्यांच्या तुलनेत ते थोडं पुष्कळ ठरतं.

आता सेंद्रिय शेतीने यात काय फरक पडणार? युरिया टाकला नाही म्हणून बांधीतलं पाणी उभं राहायचं थांबत नाही. उलट ताजं शेणखत किंवा पेंढा पाणभरल्या मातीत गाडला तर जिवाणूंना खाद्य मिळतं आणि आर्सेनिक सुटण्याला जोरच येऊ शकतो. सेंद्रिय शेतीला माझा विरोध नाही, कीटकनाशकांच्या अंशासाठी ती उपयोगाची आहे. आर्सेनिकच्या बाबतीत तिचं नाव घेणं ही ग्राहकाची दिशाभूल आहे.

दुसरा दावा पॉलिशचा. धान भरडलं की तूस निघतं आणि आत तपकिरी साल चिकटलेला दाणा राहतो. ही साल म्हणजे कोंडा. नखाने खरवडली तर पिठासारखी सुटते, तिच्यात तेल, जीवनसत्त्वं, लोह, जस्त असतं. अजैविक आर्सेनिकही तिथेच साठतं, आणि घातक तेच. आतल्या पांढऱ्या पिठूळ भागात ते फार कमी असतं, निव्वळ कोंड्यात त्याच्या कित्येक पट. त्यामुळे एकाच शेतातल्या, एकाच जातीच्या दाण्याचे दोन भाग केले, एक हातसडीचा ठेवला आणि एक पॉलिश केला, तर हातसडीच्यात ढोबळमानाने दीडपट ते पावणेदोनपट अजैविक आर्सेनिक भरतं. आंतरराष्ट्रीय मर्यादाही हेच मान्य करून ठरल्या आहेत. कोडेक्स या संयुक्त राष्ट्रांच्या अन्नमानक आयोगाने पांढऱ्या तांदळाला किलोमागे 0.2 मिलिग्रॅम आणि साल न काढलेल्याला 0.35 मिलिग्रॅम अशी कमाल मर्यादा दिली आहे. लाल आणि काळ्या तांदळाचा रंग सालीतच असल्याने ते सालीसकट खातात, म्हणून त्यांचाही हिशेब हातसडीच्या बाजूलाच लागतो. उकडा तांदूळ मधला. धान तुसासकट भिजवून उकडलं की सालीतलं बरंच काही आत झिरपतं. जीवनसत्त्वं झिरपतात म्हणून उकडा चांगला, पण त्याच वाटेने थोडं आर्सेनिकही जातं. युरोपीय संघाने 2023 मध्ये मर्यादा आवळल्या तेव्हा पांढऱ्याला 0.15 आणि उकड्याला 0.25 दिले, ते यासाठीच.

यावर काही जण दुसऱ्या टोकाला जातात. ते म्हणतात, आर्सेनिक हे बंगालचं दुखणं, आपल्या यवतमाळात फ्लोराइड आहे, आर्सेनिक नाही, तेव्हा इकडच्या माणसाने भाताची काळजी करूच नये. पाण्यापुरतं हे चालेल, तांदळाला चालणार नाही, कारण तांदूळ इथे पिकत नाही. तो जिथे पिकला तिथलं पाणी तो घेऊन येतो. गोंदियाची देवरी आणि गडचिरोलीची कोरची ओलांडली की पलीकडे छत्तीसगडातला अंबागढ चौकीचा भाग लागतो. तिथल्या कौडीकसा आणि आसपासच्या गावांत खडकातूनच भूजलात आर्सेनिक उतरलं आहे. हातपंपांच्या पाण्यात ते मर्यादेच्या कित्येक पट निघालं, तळहात-तळपायांवर कठीण गाठी आलेली माणसं तिथे सापडली, आणि 1999 मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये ते छापून आलं. तेव्हा तो भाग मध्य प्रदेशातल्या राजनांदगाव जिल्ह्यात होता. अशा विहिरीचं पाणी बांधीत सोडलं तर मातीत दर हंगामाला भर पडत जाते. बंगालमध्ये उन्हाळी बोरो धानाला उथळ कूपनलिकांचं पाणी वर्षानुवर्षं देऊन हेच झालं.

आपल्या धानपट्ट्याची जमेची बाजूही इथेच आहे. तिथलं पावसाळी धान मुख्यतः पावसावर आणि मालगुजारी तलावांवर पिकतं. पावसाचं साठलेलं पाणी खोल खडकातून आलेलं नसतं, त्यामुळे ते वरून आर्सेनिकची नवी भर घालत नाही. मातीतलं मूळचं तेवढं राहतं. म्हणून तांदूळ घेताना मला ‘सेंद्रिय का?’ यापेक्षा ‘तलावाच्या पाण्यावरचा की बोअरच्या?’ हा प्रश्न अधिक कामाचा वाटतो.

आता मंडन, म्हणजे घरात करायचं काय. आधी आकडा नजरेत घेऊ. तांदळात किलोमागे 0.1 मिलिग्रॅम अजैविक आर्सेनिक आहे असं धरा, पांढऱ्या तांदळाला हा आकडा अवास्तव नाही. दिवसाला 200 ग्रॅम कच्चा तांदूळ खाणाऱ्याच्या पोटात त्यातून 20 मायक्रोग्रॅम जातं. पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे मर्यादेवरचं दोन लिटर पाणी पिण्याइतकंच हे झालं. बोरी अरबातलं घर दोन्ही वेळा भातावर नसतं. ज्वारीची भाकरी, पोळी, वरण, आणि शेवटी मूठभर भात. 75 ग्रॅमला साडेसात मायक्रोग्रॅम पडतात. भाकरी हाच आपल्याकडचा मोठा बचाव आहे, आणि तो कुठल्या पिशवीवर छापलेला नाही. हिशेब बिघडतो लेकरापाशी. साठ किलोच्या माणसाने 75 ग्रॅम खाल्ला तर वजनाच्या किलोमागे 0.125 मायक्रोग्रॅम येतात. दहा किलोच्या बाळाने दिवसभरात मऊ भात, पेज, तांदळाची खीर मिळून 50 ग्रॅम खाल्ला, तर किलोमागे 0.5, म्हणजे चौपट. तोच तांदूळ हातसडीचा घेतला तर त्याच्याही दीडपट. ‘बाळाला पौष्टिक’ म्हणून हातसडीच्या तांदळाचं पीठ रोज चारणाऱ्या घरांना मी हात जोडून सांगेन की थांबा. बाळाला ज्वारी, नाचणी, मूग आलटून पालटून द्या, आणि भात पांढरा द्या.

शिजवण्याची रीतही महत्त्वाची. नुसतं धुवून फारसं निघत नाही. कुकरमध्ये घातलेलं सगळं पाणी भातातच मुरतं, म्हणून काहीच कमी होत नाही. जुन्या बायका भात वेळत, म्हणजे भरपूर पाण्यात शिजवून झाकण आडवं धरून पेज काढून टाकत, ती रीत इथे कामाला येते. शेफिल्ड विद्यापीठाच्या मेनन आणि सहकाऱ्यांनी तिचीच एक तऱ्हा मोजून पाहिली. एका वाटी तांदळाला चार वाट्या पाणी उकळायचं, त्यात तांदूळ पाच मिनिटं शिजवून पाणी ओतून द्यायचं, मग दोन वाट्या ताजं पाणी घालून मंद आचेवर मुरू द्यायचं. पांढऱ्यातलं सुमारे 73 टक्के आणि हातसडीच्यातलं 54 टक्के अजैविक आर्सेनिक त्या ओतलेल्या पाण्याबरोबर गेलं. ती पेज मग पिऊ नये, आणि बाळाला तर नकोच. पाणी स्वच्छ हवं, हेही ध्यानात ठेवावं. पाण्यातच आर्सेनिक असेल तर भात ते शोषून घेतो, आणि उकळल्याने ते जात नाही, पाणी आटून दाट होतं.

वेळण्याला किंमत मोजावी लागते. भरपूर पाण्यात शिजवून ते टाकलं तर ‘ब’ गटातली जीवनसत्त्वंही वाहून जातात. म्हणून जिथे भात हेच मुख्य अन्न आहे आणि ताटात डाळ-भाजी अपुरी आहे, तिथे मी हा सल्ला डोळे मिटून देणार नाही. जिथे भाकरी-वरण पुरेसं आहे, तिथे वेळलेल्या भाताने काही बिघडत नाही.

हातसडीचा तांदूळ ज्यांना मधुमेहासाठी किंवा चवीसाठी आवडतो, त्या मोठ्या माणसांनी तो अधूनमधून, पाणी काढून, जरूर खावा. विकणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच की ‘विषमुक्त’ म्हणायचं असेल तर प्रयोगशाळेचा कागद दाखवा. कीटकनाशकांच्या अंशाचा अहवाल इथे चालणार नाही, कारण त्यात आर्सेनिकचा रकानाच नसतो. एकूण आर्सेनिकचा आकडाही पुरत नाही, कारण त्यात कमी घातक जैविक रूपही मिसळलेलं असतं. ‘अजैविक आर्सेनिक’ असं स्पष्ट लिहिलेला, त्याच पोत्यातल्या, सालीसकट तांदळाचा आकडा मागा, आणि तो हाती येईपर्यंत दुप्पट भाव देऊ नका.