साखर नाही, मग गोडी कोठून?

वेष्टनाच्या दर्शनी बाजूस ‘अतिरिक्त साखर नाही’ असे ठळक छापलेले असते. खरा जमाखर्च मागे असतो. समजा, 60 ग्रॅमच्या प्रोटीन बारमध्ये कर्बोदके 24, साखर 2 आणि पॉलिऑल 15 ग्रॅम आहेत. हे पॉलिऑल पुष्कळदा माल्टिटॉल असते. घटकसूचीत त्याचा क्रमांक 965. नियमानुसार ते साखरेत मोजले जात नाही, म्हणून दावा खोटा ठरत नाही. परंतु त्याचे उष्मांक साखरेच्या निम्म्याहून किंचित अधिक असतात आणि रक्तशर्कराही काही प्रमाणात वाढते. मधुमेहींनी ते 15 ग्रॅम शून्य धरू नयेत. दोन बार एकदम खाल्ल्यास पोट फुगते, क्वचित जुलाबही होतात.

घटकसूचीत मध दिसल्यास तोही अतिरिक्त साखरच. आपल्याकडे तो अभक्ष्य. हिरवा ठिपका मात्र मध असूनही मिळतो.