तिकिटाचा दर ठरविताना

दिवाळीनंतर एखाद्या महिला मंडळाने नाट्यगीतांचा सशुल्क कार्यक्रम योजिला आहे, असे धरावे. सभागृह ६०० आसनांचे. भाडे, वीज व स्वच्छता मिळून २४,००० रुपये. ध्वनी व प्रकाशयोजना १६,०००. गायिका, निवेदिका आणि तबला, हार्मोनियम, बासरीचे साथीदार यांचे मानधन ९०,०००, त्यांचा प्रवास व निवास १२,०००. तिकिटे, हस्तपत्रके व फलक यांची छपाई ८,०००. एकूण दीड लाख. कोषाध्यक्ष बाई दीड लाखाला ६०० ने भागतात आणि २५० रुपये तिकीट जाहीर करतात. सभागृह तुडुंब भरते, टाळ्यांचा कडकडाट होतो आणि दुसऱ्या दिवशी हिशेबात तूट निघते.

तूट कोठून आली? मध्यंतरात प्रत्येकास चहा-फराळ दिला होता, माणशी ५० रुपयांचा. हा खर्च भाड्यासारखा स्थिर नाही. जितकी माणसे अधिक, तितका तो वाढतो. म्हणून २५० रुपयांच्या तिकिटातून मंडळाच्या हाती उरतात केवळ २०० रुपये. दीड लाखाला २०० ने भागले की ७५० प्रेक्षक लागतात, आणि आसने तर ६००! हा कार्यक्रम फायद्यात जाणे पहिल्या दिवसापासूनच अशक्य होते.

हिशेबाची योग्य रीत अशी : तिकिटाच्या दरातून माणशी खर्च वजा करावा आणि उरलेल्या रकमेने स्थिर खर्चास भागावे. येते ती संख्या म्हणजे ना नफा ना तोटा अशी उपस्थिती. मात्र त्याआधी सन्मानिका मोजाव्यात. देणगीदार, कलावंतांचे आप्त, गावातील मान्यवर असे ५० जण विनामूल्य येणार असतील, तर विक्रीस उरतात ५५० आसने. आणि त्या ५० जणांचा फराळ, म्हणजे २,५०० रुपये, स्थिर खर्चातच जातो. कारण तिकिटे खपोत वा न खपोत, तो द्यावाच लागतो. स्थिर खर्च झाला १,५२,५००.

आता ४०० रुपये दर धरला, तर प्रत्येक तिकिटामागे ३५० उरतात आणि ४३६ तिकिटे विकली जाणे आवश्यक ठरते. विक्रीयोग्य आसनांपैकी जवळजवळ ऐंशी टक्के! सवय नसलेल्या गावात ही अपेक्षा जड आहे. ५०० रुपये केल्यास ३३९ पुरतात, पण त्या दरात ३३९ घरधनी खिशात हात घालतील काय, हे मागच्या कार्यक्रमाच्या तिकिटांच्या स्थळप्रती पाहूनच ठरवावे. आणखी एक मर्यादा आहे. नाट्य-संगीताच्या कार्यक्रमाचे प्रवेशशुल्क माणशी ५०० रुपयांपर्यंत असल्यास त्यावर वस्तू व सेवा कर लागत नाही. त्यापुढे गेल्यास नोंदणीकृत संस्थेला कराचाही विचार करावा लागतो.

अनेकदा मग दोन दरांचा तोडगा निघतो : पुढील २०० आसने ५०० रुपये, मागील ३५० आसने ३०० रुपये. पुढील सर्व विकली गेली तर त्यांतून ९०,००० सुटतात, आणि मागील २५० पुरतात. परंतु पुढील केवळ १२० गेली, तर ५४,००० मिळतात. उरलेल्या ९८,५०० साठी मागे ३९४ प्रेक्षक हवेत, आणि तेथे आसने ३५०. महागडी तिकिटे मागील रांगांनी भरून निघत नाहीत. म्हणून विक्रीचा पहिला जोर पुढील आसनांवरच हवा.

खरा दिलासा खर्चाच्या बाजूने मिळतो. फराळ गाळला, तर ४०० रुपयांच्या दरात ३७५ तिकिटे पुरतात. ४३६ वरून एकसष्ट कमी. किंवा स्मरणिकेतील जाहिरातींतून, तिचा छपाईखर्च वजा जाता, ३०,००० रुपये निव्वळ मिळाले, तर फराळ ठेवूनही संख्या ३५० वर येते. छपाईत काटकसर करून मात्र फारसे हाती लागत नाही. छपाईच्या आठ हजारांतून दोन हजार वाचवले तरी सहाच तिकिटांचा फरक पडतो, आणि फलक कमी लागल्याने प्रेक्षक त्याहून अधिक गमावले जाऊ शकतात.

शेवटची अडचण वह्यांची. सभासद भगिनींकडे दिलेली तिकिटवही म्हणजे विकलेली तिकिटे नव्हेत. 'माझी वीस जातील' असे सांगून नेलेल्या वहीतील चौदा तिकिटे कार्यक्रमाच्या सायंकाळी परत येतात, तोवर त्या आसनांचे गिऱ्हाईक दुसरीकडे वळलेले असते. म्हणून आठ दिवस आधी सर्व वह्या व रोकड मागवून घ्यावी आणि हाती आलेल्या पैशाचीच तिकिटे मोजावीत. त्या दिवशी आकडा दोनशेच्या आत असेल, तर फराळाची मागणी कमी करण्यास वा जाहिरातदारांकडे पुन्हा जाण्यास अद्याप आठवडा शिल्लक असतो.