बारशाच्या फोटोंखालच्या ओळी
बारशाच्या फोटोंखाली नवी आई ज्या चार ओळी लिहिते, त्यांत बाळाचे नाव सर्वांत आधी यावे, कारण येऊ न शकलेली आजी किंवा मावशी तेच शोधत असते. मग बाळाच्या कानात नाव सांगणाऱ्या आत्याचा मान. आभार मोघम असले की कोरडे वाटतात, कामाचा उल्लेख करून मानले की पोहोचतात: ‘आईने शिवलेली कुंची, सासूबाईंनी शिजवलेल्या घुगऱ्या, काकूंनी सजवलेला पाळणा, तुमच्यामुळे आमचा आनंद पुरा झाला.’ पाळण्याच्या वरून-खालून बाळ देणाऱ्या बायकांचा फोटो असेल, तर त्यात कोण कोण आहे हेही लिहावे. मोठेपणी बाळाला ते चेहरे त्यावरूनच ओळखता येतात. जन्मवेळ आणि घरचा पत्ता मात्र लिहू नये.